खरंखुरं पाचपट

बंगळुरातल्या येलहंक्याच्या चार टॉवरांच्या त्या सोसायटीत कुणी दोन बोटांनी फोनचा पडदा ताणून फोटो काढायला लागलं, की आसावरी ठोंबरेच्या कपाळावर आठी चढायची. नुसती आठी चढून भागलं असतं तर लोकांनी खपवून घेतलं असतं. पण बाईंना व्याख्यान द्यायची खोड होती, आणि त्यासाठी लिफ्ट, लॉबी, भाजीची गाडी, कुठलीही जागा चालायची.

"ताणू नका हो," ती म्हणायची. "ताणल्यानं काही जवळ येत नाही. फोन फोटोचा मधला तुकडा कापतो आणि तोच मोठा करून दाखवतो. पोळीतला मधला घास कापून तो परत पोळीएवढा लाटला, तर पीठ वाढेल का? झूमची लेन्स वेगळी असते. ती लांबचं खरंच जवळ आणते."

लोक माना डोलवायचे आणि तिची पाठ वळली की पुन्हा ताणायचे. बिंदुमाधवकाकांनी तर तिचं नाव ‘पोळीबाई’ ठेवलं होतं. काका सोसायटीचे सेक्रेटरी. तीन पिढ्या बंगळुरात काढलेल्या मराठी घरातले, सत्तरीचे. बोलण्यात अधूनमधून कन्नड पेरलेलं आणि बाकी सगळी चेष्टा.

चेष्टा करोत बापडे, पण आसावरी सांगत होती ते खरं होतं. नागपूर सोडून ती नऊ वर्षांपूर्वी इथं आली ती एका फोन कंपनीच्या कॅमेरा लॅबमध्ये. बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांचे तक्ते भिंतीवर लावायचे, नव्या फोननं त्यांचे फोटो काढायचे आणि कुठल्या रेघेपाशी दोन रेघा एकमेकींत मिसळतात ते मोजायचं, हे तिचं काम. किती कापलं म्हणजे फोटो कोसळतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. निदान तिची तशी समजूत होती.

बुधवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली, तेव्हा सी टॉवरच्या दारात सिक्युरिटीचा सुपरवायझर देवाप्पा रुमालात काहीतरी धरून उभा होता. देवाप्पा चिकोडीकडचा, त्यामुळे मराठी माणूस दिसला की त्याला हायसं वाटायचं.

"ताई, हे बघा की," त्यानं रुमाल उघडला. आत काँक्रीटचा अंगठ्याएवढा तुकडा. "मगाशी पडला. पोरांची बस येऊन गेल्यावर. पाच मिनिटं आधी पडला असता तर..."

दोघांनी वर बघितलं. बाराव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीखाली काँक्रीटची आडवी पट्टी होती, आणि तिच्यावर केसासारखं काहीतरी काळं दिसत होतं. पावसाचा ओघळ असेल, नाहीतर भेग असेल. डोळ्यांना एवढ्या खालून काय कळणार? फ्लॅटचा मालक कतारला, फ्लॅटला कुलूप. आणि बाल्कनीत जाऊन वाकलं तरी पट्टीचा बाहेरचा भाग दिसण्यातला नव्हता.

त्या पट्टीच्या बरोबर खाली सी टॉवरचं एकुलतं एक दार. शहाण्णव घरांची माणसं तिथूनच आत-बाहेर करायची आणि सकाळी तीसेक पोरं तिथंच शाळेच्या बससाठी थांबायची. त्यात तिची सात वर्षांची सुखदासुद्धा होती. देवाप्पानं दोरी बांधून पोरांना बाजूला काढलं, पण दारच बंद करणार कसं?

आणि नेमका मुहूर्त तरी कसला! सोसायटीचा ताबा मिळून शनिवारी पाच वर्षं पुरी होत होती. बांधकामातला दोष त्याच्या आत दाखवून दिला तर बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा, असा कायदा. नंतर बसा भांडत महिनोन् महिने, आणि तोवर ती पट्टी डोक्यावर. बिल्डरचं एकच म्हणणं होतं. तुकडा कावळ्यानंही टाकला असेल, भेग आहे असा पुरावा दाखवा, मग पाळणा सोडतो. बाहेरच्या भिंतीवरून माणूस उतरवायचा पाळणा आणि गच्चीची किल्ली दोन्ही त्याच्याच ताब्यात.

ड्रोन उडवावा म्हटलं, तर हवाई दलाचा तळ हाकेच्या अंतरावर. बी टॉवरमधल्या राजसकडे हातभर लांबीची लेन्स होती, पण तो ती घेऊन कबिनीच्या जंगलात वाघाची वाट बघत बसला होता. उरली पोळीबाई.

"माझ्यावर सोडा," आसावरी काकांना म्हणाली, आणि हे म्हणताना तिची मान थोडी ताठ झाली होती हे कबूल करायला हवं.

तिनं तिथंच, दारापासून थोडं मागं जाऊन, फोन वर धरला. साडेसहा होऊन गेले होते. तिनं पडदा ताणला नाही, छे! तिनं ‘५’ या आकड्यावर अदबीनं बोट ठेवलं. तिच्या फोनला पाचपट झूमची खरी लेन्स होती. पट्टी जवळ आली, काळी रेघ दिसली, तिनं चार फोटो काढले. रेघ चांगली ठसठशीत. काकांनी लगेच त्यातला एक ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पुरावा!’ त्याला एकशेबारा अंगठे आले.

गुरुवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये बिल्डरचा इंजिनिअर मंजुनाथ आला. खानापूरचा, चाळिशीचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसली होती. मंजुनाथनं ग्रुपवरचा फोटो बघायला नकार दिला.

"व्हॉट्सॲप फोटो चेपून टाकतंय की मॅडम. मूळ फाइल दाखवा."

"दाखवते ना," आसावरीनं तोऱ्यात फोन पुढं केला. "टेलिफोटो आहे. ऑप्टिकल. ताणलेला नाही."

मंजुनाथनं फोटो बघितला, मग बोटानं वर सरकवून फोटोचा तपशील उघडला. मग त्यानं फोन तिच्याकडं वळवला.

"लेन्स कुठली लिहिलीय, वाचा की."

आसावरीनं वाचलं आणि तिचे कान गरम झाले. मुख्य कॅमेरा, चोवीस मिलिमीटर. डिजिटल झूम, पाचपट.

"ही झूमची लेन्स न्हवंच," मंजुनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "संध्याकाळी उजेड कमी होता. झूमच्या लेन्सला उजेड जास्त लागतोय, मग फोन गुपचूप मोठ्या कॅमेऱ्यावर जातो आणि त्यातला मधला तुकडा कापून देतो. वर आकडा मात्र पाचच दाखवतो. माझ्याकडं तक्रारींचे असले शंभर फोटो येतात. आता ही जाळी बघा. आमच्या ड्रॉइंगमध्ये एका चौकटीत चौदा गज हायत. मोजा इथं."

काकांनी मोजले. नऊ भरले. त्यातले दोन मध्येच एकमेकांत शिरले होते आणि एक गज अर्ध्यातून सुरू होऊन हवेतच संपत होता.

"जो फोन पाच गज गिळालाय, तो एक भेग काढूनपण देईल," मंजुनाथ म्हणाला. "मी भेग नाही असं म्हणत नाही. पण ह्या फोटोत ती रेघ फोननं रंगवलेली हाय. ह्याच्यावर मी पाळणा सोडलो तर मला घरी बसवतील."

मागून कुणीतरी म्हणालं, "पोळी करपली." हशा पिकला.

आसावरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच वर्षं ज्या गोष्टीवरून तिनं अख्ख्या सोसायटीला छळलं, तीच चूक तिनं सगळ्यांच्या देखत केली होती. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. लॅबमधल्या फोनवर लेन्स कुलूपबंद करायची सोय असते. तिथं पाच म्हटलं की पाचच, अंधार असो की उजेड. वर्षानुवर्षं त्या फोननं काम करून तिला आकड्यावर विश्वास ठेवायची सवय लागली होती. घरचा फोन दुकानातला, शहाणपणा करणारा. लॅबमधले फोन बाहेर आणायला बंदी, आणि घरच्या फोनचा हातानं चालवायचा मोड नेमका मुख्य लेन्सपुरताच.

"शनिवारी एकपर्यंत आमचं ऑफिस उघडं हाय," मंजुनाथ उठता उठता म्हणाला. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि त्यामुळं तिला आणखीनच वाईट वाटलं. "चांगला फोटो आणा, मी स्वतः पाळण्यात बसतो."

घरी येऊन ती रागारागानं भांडी आपटत राहिली. मग सोसायटीचा नकाशा काढला, पेन्सिल घेतली आणि आकडे मांडायला बसली. राग आला की हिशेब करायचा ही तिची जुनी पद्धत.

चूक दोन ठिकाणी होती. एक, उजेड. दुसरी, जागा. खालून वर बघितलं की पट्टी तिरकी दिसते आणि अंतरही जास्त. बी टॉवर मात्र सी टॉवरच्या समोरासमोर, नकाशाप्रमाणं तीस मीटरवर. त्याच्या बाराव्या मजल्यावर आग लागली तर माणसांनी थांबायची मोकळी जागा होती, कठड्यासकट. तिथून पट्टी अगदी नाकासमोर. झूमची लेन्स वापरली तर फोटोतला एक ठिपका भिंतीवरच्या दोन मिलिमीटरहून थोडा जास्त भाग टिपणार. मुख्य कॅमेऱ्यातून कापून घेतलं तर एक ठिपका अकरा मिलिमीटरचा. भेग पाचेक मिलिमीटरची असेल, तर दुसऱ्या फोटोत ती एका ठिपक्याच्या पोटात विरघळून जाईल, आणि मग फोन मनानं काय काढील ते काढील. पहिल्यात मात्र ती दोन ठिपके रुंद येईल. दोन ठिपके म्हणजे फार नव्हे, पण प्रामाणिक दोन ठिपके.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ती बी टॉवरच्या बाराव्या मजल्यावर होती. देवाप्पानं दार उघडून दिलं, आणि बिंदुमाधवकाका बोलावलेलं नसताना कानटोपी घालून हजर झाले.

"अक्का, रागावलीस काय? मी हसलो नाही हं काल," काका म्हणाले.

"तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं हसलात काका."

"स्वल्प हसलो," काकांनी कबूल केलं.

आभाळ भरलेलं. बंगळुरातली सकाळ असते तशी, राखाडी आणि गार. आसावरीनं फोन कठड्यावर टेकवला, पाचच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मग एक चमत्कारिक गोष्ट केली. दुसऱ्या हाताचं बोट तिनं फोनच्या मागच्या मोठ्या, म्हणजे मुख्य लेन्सवर दाबून धरलं. पडदा काळाठिक्कर पडला.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"लबाडी पकडली. पडदा काळा झाला, म्हणजे चित्र या मोठ्या लेन्सकडूनच येतंय. वर पाच लिहिलंय ते खोटं. झूमची लेन्स चालू असती तर हिच्यावर बोट ठेवून काही फरक पडला नसता."

"म्हणजे आता?"

"आता उजेड."

पावणेआठ झाले. पुन्हा बोट, पुन्हा काळा पडदा. आठ वाजले. पुन्हा तेच. खाली पोरं दोरीच्या अलीकडं गोळा व्हायला लागली होती. सुखदाची पिवळी बॅग एवढ्या वरूनही तिला ओळखू आली. शाळेची बस आली, देवाप्पाचा माणूस हात पसरून पोरांना बाजूबाजूनं न्यायला लागला, आणि आसावरीला वाटलं, आज ऊन पडलंच नाही तर? उद्या पडलं नाही तर? तिला अक्षरशः रडू यायला लागलं. बोट मात्र तिनं काढलं नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी ढग फाटला. ऊन सी टॉवरच्या भिंतीवर आडवं, घासून गेल्यासारखं पडलं, आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या काळोखात चित्र उगवलं. चित्र किंचित बाजूला सरकलं होतं, दुसऱ्या डोळ्यानं बघितल्यावर सरकतं तेवढंच. मोठ्या लेन्सवर बोट तसंच दाबलेलं, आणि तरीही समोर बाल्कनी लख्ख. फोननं लेन्स बदलली होती.

"आली!" आसावरी एवढ्या मोठ्यानं ओरडली की काकांची कानटोपी घसरली. "काका, कठड्याला हात लावू नका. श्वाससुद्धा घेऊ नका!"

"ते कसं जमेल ग," असं पुटपुटत काकांनी खरोखर श्वास धरला.

तिनं मोठ्या लेन्सवरचं बोट उचललं, तीन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का फोटोला लागायला नको, आणि दोन्ही हात बाजूला घेतले. एक फोटो. मग थोडं डावीकडं सरकून दुसरा, उजवीकडं तिसरा. प्रत्येक फोटोनंतर तपशील उघडून बघितलं. एकशे वीस मिलिमीटर. एकशे वीस. एकशे वीस. डिजिटल झूम कुठंच नाही. चौथ्या वेळी ढग पुन्हा आला आणि चोवीस दिसलं. तो फोटो तिनं तिथंच पुसून टाकला, आणि पुसताना तिला विलक्षण आनंद झाला.

घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडला. पट्टीच्या डाव्या टोकापासून दीड मीटरभर एक काळी, नागमोडी भेग. उन्हानं तिच्या खालच्या कडेला उजळ किनार आणि वरच्या कडेखाली सावली दिली होती. ओघळ खालच्या दिशेला जातो. ही आडवी होती. आसावरीनं खुर्चीतच स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

काका मागं उभे होतेच. "सरी, बरोब्बर! आता हे सहा फुटी फ्लेक्सवर छापून गेटवर लावूया. बिल्डर गाडीतून उतरल्या उतरल्या दिसलं पाहिजे."

"काका, नाही."

"का नाही? आता तर खरी लेन्स आहे ना तुझी?"

"खरी लेन्स आहे म्हणून पीठ अमर्याद नाही," आसावरी म्हणाली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. "हा अख्खा फोटो चार हजार ठिपके रुंद. ए-फोर कागदावर छापला तर सुरेख येईल. भेगेपुरता तुकडा कापला तर उरतात सातशे. ते पोस्टकार्डाएवढे छापले तर हातात धरून बघताना रेघ स्वच्छ दिसेल. ए-फोरएवढे छापले तर मऊ पडेल. आणि सहा फुटांवर छापले तर मोहरीएवढाले ठिपके दिसतील. मग मंजुनाथ म्हणेल, पुन्हा रंगवून आणलंत काय?"

"म्हणजे एवढी यातायात करून पोस्टकार्ड?"

"पोस्टकार्ड. त्याहून एक इंचही जास्त नाही."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण त्यांनी ऐकलं. दुपारी ती दोन कागद घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेली. एका ए-फोरवर अख्खा फोटो आणि त्यावर लाल चौकटीत भेगेची जागा. दुसरं पोस्टकार्डाएवढं. आणि मूळ फाइल फोनमध्ये. ग्रुपवर काही टाकायचं नाही अशी काकांना ताकीद होती, आणि काकांनी ती जवळजवळ पाळली. ‘उद्या बघा’ एवढंच त्यांनी टाकलं.

मंजुनाथनं कागदांकडं बघितलंच नाही. आधी फोन मागितला, आधी तपशील उघडला. एकशे वीस. त्याची भुवई वर गेली. मग त्यानं पडद्यावर फोटो मोठा केला आणि पेनच्या टोकानं बाल्कनीच्या जाळीचे गज मोजायला लागला. ओठ हलत होते. चौदा झाले. त्यानं दुसरी चौकट मोजली. चौदा.

"एक गज बारा मिलिमीटरचा," आसावरी म्हणाली. काल गरम झालेले कान आज थंड होते आणि आवाज एकदम स्थिर. "तुमच्याच ड्रॉइंगमध्ये लिहिलंय. फोटोत तो साडेपाच ठिपके रुंद आहे. भेग मोजा."

मंजुनाथनं कॉम्प्युटरवर फाइल घेतली, ठिपके दिसेपर्यंत मोठी केली आणि मोजलं. दोन, कुठं अडीच.

"म्हणजे साडेचार-पाच मिलिमीटर," तो हळू म्हणाला. मग पोस्टकार्ड हातात घेतलं, खिडकीशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. "हे मोठं का नाही छापला?"

"कारण ते एवढंच सोसतं."

मंजुनाथ पहिल्यांदाच हसला. "माझ्याकडं लोक भिंतीएवढे फोटो घेऊन येतात मॅडम, आणि त्यात काही नसतंय." त्यानं टेबलावरचा फोन उचलला आणि कन्नडमध्ये कुणाला तरी सांगितलं की उद्या सकाळी नऊला येलहंक्याला पाळणा पाहिजे, सी टॉवर, आणि हेल्मेट दोन आणा, मी पण चढतोय.

बाहेर आल्यावर आसावरीला रिक्षाच सापडेना, तर ती तशीच अर्धा रस्ता चालत गेली, आणि वाटेतल्या एका दर्शिनी हॉटेलात उभ्या उभ्या दोन कॉफ्या प्यायली. एवढी खूश ती लॅबमध्ये बढती मिळाली तेव्हाही झाली नव्हती.

शनिवारी नऊला सगळी सोसायटी खाली जमली. देवाप्पानं दारासमोरचा भाग मोकळा करून खाली गोणपाटं पसरली होती आणि मागच्या बाजूनं, जनरेटरच्या खोलीतून, माणसांना जायची वाट काढली होती. गच्चीवरून पाळणा सुटला. आत मंजुनाथ आणि एक गवंडी. पाळणा बाराव्या मजल्यापाशी झुलत थांबला. आसावरीचा हात काकांनी कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही.

मंजुनाथनं पट्टीवर हातोडी हलकेच मारली. उजव्या टोकाला आवाज खणखणीत आला. तो डावीकडं सरकत गेला, टक, टक, टक, आणि भेगेपाशी आवाज बदलला. पोकळ. खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो कळला, बांधकामातलं ओ की ठो न कळणाऱ्यांनासुद्धा. मंजुनाथनं खिशातून एक मापाचं कार्ड काढून भेगेला लावलं, खाली वाकून बघितलं आणि हाताचा पंजा पसरून दाखवला. पाच.

मग गवंड्यानं भेगेत छिन्नीचं टोक घातलं. जोर लावायची गरजच पडली नाही. पट्टीचा एक लांबोळा तुकडा नुसता सुटून दोघांच्या हातात आला, आणि पाळणा एका बाजूला कलला. खाली बायकांनी किंकाळी फोडली. मागं उघड्या पडलेल्या सळया गंजून लाल झालेल्या खालूनही दिसत होत्या.

पाळणा खाली उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मंजुनाथ बाहेर आला, हेल्मेट काढलं, घाम पुसला. कुणी विचारायच्या आधी त्यानं सोसायटीचा तक्रारअर्ज मागून घेतला, पाळण्याच्या कठड्यावर ठेवला, तारीख घातली आणि लिहिलं: बांधकामातील दोष मान्य, सी टॉवरच्या सर्व पट्ट्या तपासून दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. सही ठोकली. मग अर्ज काकांच्या हातात न देता आसावरीच्या हातात दिला.

"सोमवारपासून पाळणा इथंच ठेवायला आजच सांगालोय," तो म्हणाला. "बाकीच्या तीन टॉवरांचे फोटो तुम्हीच काढून द्या की मॅडम. आमच्या माणसांना दोन बोटांनी ताणण्यापलीकडं काही येत नाही."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. परवा ‘पोळी करपली’ म्हणणारा मागं लपायला बघत होता, त्याला काकांनी दंडाला धरून पुढं ओढलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. आसावरी एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्हीची तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

गर्दीतून सुखदा पुढं आली. "आई, फोटोत होतं ते हेच?" तिनं गोणपाटावर ठेवलेल्या तुकड्याकडं बोट दाखवलं. रोज सकाळी ती उभी राहायची ती जागा तिथून दोन पावलांवर होती.

आसावरी खाली बसली. फोटोत दोन ठिपक्यांच्या भेगेमागं होता तो हा तुकडा. तिनं तो उचलून बघितला. एका हातानं उचलेना, दुसरा हात लावावा लागला. तिनं तो छातीपाशी धरला, तसाच खाली ठेवला आणि मग दोन्ही हातांनी पोरीला उचलून घेतलं.